नसलेला कॅमेरा कुठे ठेवायचा?

आमच्या चिपळूणच्या वहिनी दर उन्हाळ्यात मोरांबा करतात. आधी घरापुरता, मग नातेवाइकांपुरता आणि गेली तीन वर्षं विकण्यासाठी. बरणी काचेची, १२ सेंटिमीटर उंच, ८ सेंटिमीटर व्यासाची, वर सोनेरी पत्र्याचं झाकण. समोरून पोटाला गुंडाळलेलं १० सेंटिमीटर लांबीचं कागदी लेबल. ही मापं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ती सगळी लागणार आहेत.

मी वीस वर्षं वस्तूंचे फोटो काढतो. जाहिरातीतल्या बाटल्या, साबण, मसाल्याची पाकिटं, तांब्याची भांडी. यंदा वहिनींनी मला फोटो काढायला सांगितलं नाही. त्यांच्या मुलाने संगणकावर मजकूर लिहून चित्र तयार करणारा एक प्रोग्राम दाखवला होता. त्यात त्यांनी मोरांब्याच्या बरणीचं चित्र बनवलं आणि मला पाठवलं. पाठोपाठ फोन आला. "भावोजी, फोटो भारी आलाय. पण बघितलं की काहीतरी खटकतं. बरणी आपली वाटतच नाही."

चित्र पाहिलं. रंग सुरेख, उजेड मऊ, मागे दोन कैऱ्या. पण वहिनींचं म्हणणं खरं होतं. लेबलाचा मधला भाग रेखीव आणि दोन्ही कडा पाघळल्यासारख्या. झाकण वरून चांगलं रुंद, गोलसर दिसत होतं आणि बरणीचा तळ मात्र पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ. असा फोटो कुठल्याही कॅमेऱ्यातून निघू शकत नाही. मी विचारलं, प्रोग्रामला नेमकं काय लिहून दिलं होतं? त्यांनी मजकूर पाठवला:

```
professional product photo, jar of mango preserve,
85mm, f/1.4, bokeh, 8k, ultra realistic
```

ही शब्दमाळ त्यांच्या मुलाने कुठून तरी उचलली होती. अशा माळा सगळीकडे फिरत असतात. लेन्सचा आकडा, अपर्चरचा आकडा आणि दोन-चार भारदस्त विशेषणं लिहिली की जाहिरातीसारखा फोटो मिळतो, असा समज आहे. चुकतं ते इथेच.

या प्रोग्रामच्या आत कॅमेरा नसतो. ८५ मिलिमीटर म्हटलं म्हणून तो कुठल्या भिंगातून प्रकाशकिरण वळवून हिशेब करत नाही. त्याला चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर अशा असंख्य जोड्या दाखवलेल्या असतात आणि त्यातून कोणत्या शब्दांबरोबर कशी चित्रं येतात हे तो शिकलेला असतो. २०२२ साली खुला झालेला LAION-5B हा अशा जोड्यांचा संग्रह ५८५ कोटी जोड्यांचा होता. त्याच्याच काही भागांवर त्याच वर्षी आलेला Stable Diffusion शिकवला गेला. त्या संग्रहातला मजकूर म्हणजे वेबपानांवर चित्राला जोडून ठेवलेलं वर्णन. आता विचार करा, आपल्या फोटोच्या वर्णनात "85mm f/1.4" कोण लिहितं? हौसेने माणसांचे चेहरे टिपणारे लोक. साबणाच्या किंवा बरणीच्या फोटोखाली दुकानदार अपर्चर लिहीत नाही, तो वजन आणि किंमत लिहितो. म्हणून तो आकडा लिहिला की चित्रात चेहऱ्याच्या फोटोची चाल शिरते: डोळे रेखीव, कान धूसर, मागचं सगळं विरघळलेलं. वहिनींच्या लेबलाचे कान धूसर झाले ते यामुळेच, असं माझं मत आहे.

यावर मला सापडलेला उपाय असा. भिंगाचं नाव सांगण्यापेक्षा त्या भिंगामुळे, त्या जागेवरून, समोर काय दिसतं ते सांगायचं. आकडा सोबत असू द्यावा, पण भर दिसणाऱ्या गोष्टीवर हवा. आणि काय दिसतं हे सांगायचं तर ते आपल्याला आधी ठाऊक हवं. फोटोग्राफरचं जुनं ज्ञान इथे कामाला येतं.

अँगलपासून सुरुवात करू. घरातली कुठलीही गोल झाकणाची बरणी टेबलावर ठेवा आणि डोळे तिच्या झाकणाच्या बरोबरीला आणा. झाकणाची वरची बाजू दिसणार नाही, फक्त एक सरळ रेघ दिसेल. आता हळूहळू उठा. रेघ उघडत जाते, आधी बारीक लंबगोल, मग फुगीर आणि बरणीवर थेट वाकून पाहिलं की पूर्ण वर्तुळ. या उघडण्याला साधं गणित आहे. लंबगोलाची उंची भागिले रुंदी म्हणजे आपण जितक्या अंशांतून खाली पाहतोय त्याचा साइन. ३० अंशांवर उंची रुंदीच्या निम्मी. ४५ अंशांवर सुमारे सात दशांश. १५ अंशांवर जेमतेम पाव. म्हणजे कुठल्याही चित्रातल्या झाकणावर पट्टी ठेवली की कॅमेरा किती वर होता ते सांगता येतं.

बरणीसाठी जाहिरातीत बहुतेक वेळा ० ते २० अंशांच्या मधला अँगल घेतात. अगदी समोरून घेतलं की लेबल उत्तम वाचता येतं, पण बरणी कागदी चित्रासारखी सपाट वाटते. ४५ अंशांवरून ताटातलं जेवण छान दिसतं. बरणीचं मात्र झाकणच जास्त दिसतं आणि लेबल आखडतं. ९० अंशांचा टॉप शॉट वड्यांच्या ताटाला शोभतो, मोरांब्याच्या बरणीला नाही. साधारण १५ अंशांवर झाकणाची कड चमकते, वस्तूला जाडी येते आणि लेबलही नीट दिसतं. म्हणून वहिनींच्या बरणीला मी तोच निवडला.

आता एक बारीक गोष्ट, आणि खोटं चित्र ओळखायला मला सगळ्यात उपयोगी पडलेली. कॅमेरा वर असेल तर तो बरणीच्या झाकणापेक्षा तिच्या तळाकडे जास्त खाली वाकून पाहत असतो, कारण तळ डोळ्यांपासून आणखी खाली आहे. म्हणून तळाची कमान झाकणाच्या लंबगोलापेक्षा नेहमी जास्त फुगीर असायलाच हवी. झाकण उघडं आणि तळ सरळ, हे अशक्य. वहिनींच्या चित्रात नेमकं तेच होतं. डोळ्याला ते कळतं, पण शब्दांत सांगता येत नाही. "काहीतरी खटकतं" एवढंच म्हणता येतं. प्रोग्रामने झाकण एका प्रकारच्या फोटोंतून उचललं आणि तळ दुसऱ्या. त्या दोन्हींना एकाच जागी उभा असलेला डोळा लागतो, याची त्याला खात्रीशीर जाण नाही.

मग लेन्स. इथे फोटोग्राफी शिकणारी मुलंसुद्धा फसतात. "वाइड लेन्समुळे वस्तू फुगते, लांब लेन्समुळे सपाट होते" असं सर्रास म्हणतात. वस्तू लेन्समुळे फुगत नाही, अंतरामुळे फुगते. लेन्स फक्त ठरवते की त्या अंतरावरून चौकटीत किती मावेल. उभ्या चौकटीच्या निम्म्या उंचीत बरणी बसवायची असेल, तर ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १०० मिलिमीटरची लेन्स सुमारे ७७ सेंटिमीटरवर उभी करावी लागते. तेवढीच मोठी बरणी २४ मिलिमीटरच्या लेन्सने हवी असेल तर लेन्स १८ सेंटिमीटरवर न्यावी लागते, म्हणजे वीतभरही नाही.

या दोन जागांवरून काय दिसतं ते बघा. बरणी ८ सेंटिमीटर जाड आहे. ७७ सेंटिमीटरवरून तिची पुढची बाजू ७३ वर आणि मागची ८१ वर. पुढचा भाग मागच्यापेक्षा सुमारे एक दशांशाने मोठा दिसतो, जो डोळ्याला साधा वाटतो. १८ सेंटिमीटरवरून पुढची बाजू १४ वर आणि मागची २२ वर. पुढचा भाग मागच्याच्या दीडपटीहून मोठा! लेबलाचं पोट पुढे येतं, अक्षरं मधे मोठी आणि कडेला बारीक होतात. मोबाइलने अगदी जवळ जाऊन काढलेल्या बरण्या ढेरपोट्या दिसतात त्या यामुळे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची नजर साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकी रुंद असते, म्हणून चौकट भरायला आपण नकळत पुढे सरकतो.

झाकण आणि तळाच्या हिशेबातही हे अंतर लपलेलं असतं. ७७ सेंटिमीटरवरून, बरणीच्या मध्यावर १५ अंशांनी पाहताना, झाकणाच्या लंबगोलाची उंची रुंदीच्या पाचव्या भागाहून थोडी कमी येते आणि तळाची कमान एक तृतीयांशाची. दोन्हींत फरक आहे, पण खपून जाणारा. तोच १५ अंशांचा अँगल वीतभर अंतरावर घेतला तर कॅमेरा झाकणाच्याही खाली राहतो. झाकणाचा माथा दिसतच नाही आणि तळ मात्र निम्मा उघडा दिसतो. म्हणजे झाकण आणि तळ यांच्यातला फरक जितका मोठा, तितका कॅमेरा जवळ. जाहिरातीच्या फोटोला जो शांत, ठाम भाव असतो त्याचं बरंचसं श्रेय या पाऊण मीटरला आहे. प्रोग्रामला "१०० मिलिमीटर" लिहून हा भाव कधी मिळतो, कधी मिळत नाही. "लांबून पाहिलेली, बाजू सरळ उभ्या, झाकण बारीक लंबगोल" असं लिहिलं की मला तो जास्त वेळा मिळाला आहे.

बाजू सरळ उभ्या म्हणण्यालाही कारण आहे. कॅमेरा खाली झुकवला की उभ्या रेषा खालच्या बाजूला एकमेकींकडे येऊ लागतात आणि बरणी बुडाशी निमुळती दिसते. स्टुडिओत त्यावर उपाय म्हणून शिफ्ट होणारी लेन्स असते. कॅमेरा सरळच ठेवायचा आणि लेन्स खाली सरकवायची. चित्र बनवणाऱ्याला शिफ्ट लेन्सचं नाव घ्यायची गरज नाही, रेषा कशा हव्यात तेवढं सांगावं.

राहिली डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे किती खोलीपर्यंत फोटो रेखीव राहतो. वहिनींच्या मुलाला वाटत होतं, मागचं जितकं धूसर तितका फोटो महागडा. एफ १.४ चं आकर्षण तिथूनच. आता हेच अपर्चर खऱ्या कॅमेऱ्यावर लावून बघू. आपल्या बरणीच्या आकाराला, चौकटीच्या निम्म्या उंचीत, एफ १.४ वर रेखीव पट्टा सुमारे ४ मिलिमीटरचा मिळतो. फोकस लेबलाच्या मध्यावर धरला, तर १० सेंटिमीटरच्या लेबलातला मधला अडीच सेंटिमीटर स्पष्ट आणि बाकीचा हळूहळू पुसट. कारण लेबल सपाट नाही, बरणीच्या गोलाईबरोबर ते मागे वळतं. त्याच्या दोन्ही कडा पुढच्या टोकापेक्षा पावणेतीन सेंटिमीटर मागे असतात. एफ २.८ वरही पट्टा जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा. एफ ११ वर मात्र तो साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि अख्खं लेबल त्यात मावतं. म्हणून वस्तूंचे फोटो काढणारा माणूस एफ ८ ते एफ १६ मधे काम करतो. त्याहून पुढे गेलं की इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. दागिन्यांसारखी बारीक वस्तू असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून ते एकत्र जोडतात.

मग जाहिरातीत मागच्या कैऱ्या धूसर कशा? तिथे लेन्सची लांबी खरंच काम करते. बरणी चौकटीत तेवढीच मोठी ठेवली, तर १०० मिलिमीटरने काढा किंवा २४ ने, रेखीव पट्ट्याची जाडी जवळपास सारखीच राहते. पण लांब लेन्स मागच्या गोष्टी मोठ्या करून दाखवते आणि त्याबरोबर त्यांची धूसरताही मोठी होते. कैऱ्या बरणीच्या ४० सेंटिमीटर मागे ठेवल्या तर त्याच अपर्चरला १०० मिलिमीटरवर त्या २४ च्या मानाने दुप्पट धूसर दिसतात. म्हणजे लेबल अख्खं रेखीव आणि कैऱ्या मऊ, हे दोन्ही एकत्र मिळतं ते उघड्या अपर्चरमुळे नाही. वस्तू मागे ठेवल्याने आणि लांब लेन्सने मिळतं. स्टुडिओत नवीन आलेल्या मुलांना मी सांगतो, मागचं धूसर हवं असेल तर आधी टेबल लांब घ्या, मग अपर्चरला हात लावा.

हे सगळं वहिनींना मी एका बसकीत सांगितलं नाही. त्यांनी बरणी समोर ठेवून बघितलं, मग आम्ही दोघांनी मिळून मजकूर नव्याने लिहिला. भाषा इंग्रजीच ठेवली, कारण फोटोग्राफीचे शब्द त्या भाषेत हे प्रोग्राम जास्त नेमके ओळखतात असा माझा अनुभव आहे:

```
Studio product photo of a glass jar of amber mango preserve,
gold metal lid, blank cream paper label.
Camera slightly above, about 15 degrees down; lid seen as a thin ellipse.
Seen from a distance, 100mm lens; jar sides straight and vertical.
Whole jar and label sharp edge to edge.
Two raw mangoes well behind the jar, softly out of focus.
Large soft light from back left, plain cream background.
```

यात एफचा आकडाच नाही, हे मुद्दाम. "धूसर नको" असंही कुठे लिहिलेलं नाही. यातल्या बऱ्याच प्रोग्रामना नकार नीट कळत नाही. "नो ब्लर" म्हटलं की ब्लर हा शब्द त्यांच्यापुढे येतो आणि चित्रात तोच उतरतो. जे हवं ते होकारात सांगावं.

पहिल्या चित्रात बरणी छान रेखीव आली, पण झाकण अजून फुगीर. वहिनींनी पडद्यावर पट्टी ठेवून मोजलं: रुंदी ४० मिलिमीटर, उंची १७. साइनच्या हिशेबाने कॅमेरा झाकणाकडे २५ अंशांतून पाहत होता. "१५ अंश" हा आकडा प्रोग्रामने कानाआड केला होता. आम्ही बाकी एक शब्दही न हलवता, सीडचा आकडा तोच ठेवून, फक्त झाकणाचं वाक्य बदललं: "camera almost level with the lid, only a sliver of the lid top visible". सीड म्हणजे ज्या यादृच्छिक ठिपक्यांपासून प्रोग्राम चित्र घडवायला सुरुवात करतो त्यांचा क्रमांक. तो तसाच ठेवला तर चित्रातला बदल कोणत्या शब्दामुळे झाला ते कळतं. एका वेळी चार शब्द बदलले की मग नुसता अंदाज उरतो. या वाक्याने झाकण ४० ला ९ वर आलं.

तरी एक खोट राहिली, आणि ती मोजून सापडत नाही, टेबलाकडे बघून सापडते. खऱ्या फोटोत धूसरता अंतराबरोबर हळूहळू वाढते. बरणी ज्या रेषेवर उभी आहे त्या रेषेत टेबलाचा लाकडी पोत डावीकडून उजवीकडे अखंड स्पष्ट दिसायला हवा, त्याच्या पुढे आणि मागे क्रमाक्रमाने विरळ होत जायला हवा. आमच्या चित्रात बरणी लख्ख आणि तिच्या बुडाला चिकटलेलं लाकूड थेट धूसर होतं. बरणी कापून वर चिकटवावी तसं. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमधे केसांच्या कडेला जी गडबड दिसते, तिचं हे भावंड. मजकुरात एक ओळ वाढवली: "wood grain sharp in a band around the jar, gradually softer toward the back". चौथ्या प्रयत्नात टेबल पटलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चित्रातली बरणी सुंदर होती, पण ती वहिनींच्या मोरांब्याची नव्हती. तिच्यात फोडी जास्त होत्या, पाक जास्त गडद होता, काच जाड होती. लेबल आम्ही मुद्दाम कोरं मागितलं होतं, कारण देवनागरी अक्षरं लिहायला लावली की जोडाक्षरं अजून अनेकदा मोडतात. "मोरांबा" मधला अनुस्वार कधी झाकणाला जाऊन चिकटतो, कधी गायबच होतो. आणि विकायच्या खाण्याच्या वस्तूचा फोटो म्हणून भलतीच बरणी दाखवणं मला पटत नाही. वहिनींनाही पटलं नाही. "मागवणाऱ्याच्या हातात ही बरणी थोडीच पडणार आहे?" असं त्याच म्हणाल्या.

म्हणून चित्रातलं टेबल, उजेड, कैऱ्या ठेवायच्या आणि बरणी खरी बसवायची, असं ठरलं. आणि हे जमण्याची अट एकच: खरा कॅमेरा नेमका तिथे उभा हवा जिथे चित्रातला नसलेला कॅमेरा उभा आहे. आपण आधीच मोजून बसलो होतो. मध्यापासून ७७ सेंटिमीटर लांब आणि १५ अंश वर, म्हणजे टेबलावरून मोजायचं तर बरणीच्या मध्यापासून आडवं अंतर ७४ सेंटिमीटर आणि लेन्सची उंची टेबलापासून २६ सेंटिमीटर. हे दोन आकडे मी वहिनींना फोनवर सांगितले. त्यांनी तांदळाचा डबा उपडा घालून त्यावर दोन पुस्तकं ठेवली, मोबाइल २६ सेंटिमीटरवर आला. झूमबद्दल त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुप्पट-तिप्पट झूम असेल तर वापरा, नसेल तर तसाच काढा आणि नंतर बरणीभोवतीचा भाग कापून टाका. जागा तीच असली की बरणीचा आकारही तोच येतो. कापलेल्या फोटोत बारकावे थोडे कमी होतात, इतकंच. पोर्ट्रेट मोड मात्र बंद करायला लावला. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे या अंतरावर अख्खी बरणी आपोआप रेखीव येते, तिला मुद्दाम धूसर करायचं कारण नव्हतं. खिडकी बरणीच्या मागे डावीकडे येईल असं टेबल फिरवलं, कारण चित्रातला उजेड तिकडून होता. उजवीकडे पांढरा कागद उभा केला, तेवढ्याने काळोख्या बाजूचं लेबल वाचता येऊ लागलं.

फोटो आला तेव्हा मी आधी रंग पाहिला नाही, झाकणावर पट्टी ठेवली. रुंदी ४० मिलिमीटर केली तर उंची साडेसात. हिशेबात हीच यायला हवी होती. चित्रातलं झाकण ९ वर होतं, म्हणजे तिथला कॅमेरा अंशा-दोन अंशांनी वर. मी वहिनींना डब्यावर आणखी एक जाड पुस्तक ठेवायला सांगितलं, साधारण ३ सेंटिमीटरचं. दुसऱ्या फोटोत झाकण ९ ला टेकलं. मग बरणी कापून चित्रातल्या बरणीच्या जागी बसवली. मूळ सावली ठेवली आणि बुडाशी, काच लाकडाला टेकते तिथे, एक अगदी बारीक गडद रेघ हाताने ओढली. ती नसेल तर बरणी टेबलावर तरंगते.

वहिनींनी तो फोटो उघडून बराच वेळ काही लिहिलं नाही. मग उत्तर आलं: "फोडी मोजल्या. आपल्याच आहेत."